‘कामात्’ आणि ‘कामात’

प्रस्तावना

हा स्वाध्याय पहिल्या वर्षी मीच बिघडवला होता. अनुवादविद्येच्या पेपरात तो दरवर्षी असतो: एकाच उताऱ्याचे दोन अनुवाद घ्या, त्यांची तुलना करा आणि अनुवादकांनी केलेल्या निवडी उदाहरणांसह दाखवा. मी फळ्यावर दोन रकाने आखून दिले, वर ‘शब्दशः’ आणि ‘भावानुवाद’ अशी नावे घातली आणि मोकळा झालो. वह्या आल्या तेव्हा कळले की मुलांनी माझे रकाने तेवढे भरून आणले आहेत. जवळजवळ प्रत्येकाचा निष्कर्ष एकच होता: पहिला अनुवाद मुळाशी प्रामाणिक आहे, दुसरा ओघवता आहे, दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत. अशा वाक्यासाठी उतारा वाचावाच लागत नाही. ते कोणत्याही दोन अनुवादांबद्दल लिहिता येते आणि परीक्षेत त्याला निम्मे गुणही मिळतात.

दोष रकान्यांचा होता. ‘निवड’ हा शब्द प्रश्नात असून मी मुलांना निवड म्हणजे काय ते सांगितलेच नव्हते. दुसरा शब्द घेणे शक्य होते आणि तरीही हाच घेतला, तिथे निवड असते. जिथे भाषेने दुसरी वाटच ठेवलेली नाही तिथे अनुवादकाला श्रेय नको आणि दोषही नको. हे कळण्यासाठी एकच चाचणी आहे. अनुवादकाने घेतलेला शब्द काढायचा, त्याच्या जागी त्याला सहज मिळाला असता असा दुसरा शब्द ठेवायचा आणि काय मोडते ते पाहायचे. अर्थ मोडतो, वृत्त मोडते की काहीच मोडत नाही? काहीच मोडत नसेल तर ती निवड सर्वांत बोलकी, कारण ती करायला त्याला कोणी भाग पाडलेले नव्हते.

या पुस्तिकेतले सगळे स्वाध्याय एकाच उताऱ्यावर आहेत: भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणे, चोपन्न ते बहात्तर हे एकोणीस श्लोक. अनुवाद दोन, ज्ञानेश्वरी आणि विनोबांची गीताई. गीता सगळ्यांच्या घरी असते म्हणून ती घेतली असे कोणाला वाटेल, पण कारण वेगळे आहे. या दोन्ही अनुवादांचा एक धागा आमच्या धुळ्यातून गेलेला आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार त्यांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. स्थितप्रज्ञाचा अध्याय आला तो दुसऱ्या रविवारी, २८ फेब्रुवारीला. गीताई त्याआधी, ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत लिहून झाली होती. छापून आली ती १९३२ सालीच. दुसरीकडे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून पुढे आणलेली ज्ञानेश्वरीची प्रत १९०९ साली प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात आहे. देवपुरातून निघून पांझरेचा पूल ओलांडला की मुलांना या दोन्ही गोष्टींच्या जागा पायी पाहता येतात. त्यामुळे अनुवाद अधिक कळतो असे नाही, पण अनुवादक नावाचा माणूस कुठेतरी बसून लिहीत होता हे डोक्यात बसते.

ज्ञानेश्वरी हा अनुवाद नाही, टीका आहे, हा आक्षेप दरवर्षी पहिल्या तासाला येतो आणि तो खरा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितलेला हा ग्रंथ सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या करतो. गीताई सातशे श्लोकांचे सातशेच श्लोक करते. एकीकडे समुद्र आणि एकीकडे तांब्या, तुलना कशाशी करायची? त्यावर आम्ही शोधलेला तोडगा साधा आहे. प्रत्येक श्लोकाच्या ओव्या समोर घ्यायच्या आणि मुळातला एखादा शब्द जिथे मराठीत उतरलेला दिसतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. चार-पाच ओव्यांमध्ये अशा सात-आठ खुणा सापडतात. त्या खुणांनी मिळून जे होते ते श्लोकाचे भाषांतर, आणि भोवतीचे सगळे ज्ञानदेवांचे. सत्तावन्नाव्या श्लोकात मुळात शुभ आणि अशुभ यांच्याविषयी समभाव सांगितला आहे. ज्ञानदेव तिथे पौर्णिमेचा चंद्र आणतात, जो उजेड देताना हा उत्तम, हा अधम असे पाहत नाही. चंद्र मुळात नाही. तो पेन्सिलीच्या खुणेबाहेर राहतो. विनोबा त्याच जागी ‘बरे’ आणि ‘वाईट’ असे दोन रोजचे शब्द ठेवतात आणि पुढे जातात. तुलना करायची ती खुणांची. चंद्राची चर्चा पुढे वेगळी करता येते.

दोघांचा श्रोता वेगळा आहे हेही आधी नोंदवून ठेवावे लागते. गीताईमागची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली तर तीही जड गेली, तेव्हा तूच का करत नाहीस असे ती मुलाला म्हणाली. आई १९१८ साली गेली आणि अनुवाद बारा वर्षांनी झाला. म्हणजे गीताई एकट्याने म्हणता यावी, पाठ व्हावी यासाठी आहे. ज्ञानेश्वरी सभेत सांगितली गेली. समोर माणसे बसली आहेत, त्यांचे चेहरे पाहून दृष्टांत वाढवता येतो. या फरकामुळे काही गोष्टी आपोआप घडतात. पंचावन्नाव्या श्लोकातले ‘पार्थ’ हे संबोधन गीताईत गळते, कारण बत्तीस अक्षरांत त्याला जागा नाही. छप्पन्नाव्या श्लोकात मुळात संबोधन नाहीच, तरी ज्ञानदेव ‘अर्जुना’ म्हणून हाक घालतात, कारण सांगणाऱ्याला मधूनमधून हाक मारावी लागते. याला मी निवड म्हणत नाही. असा फरक वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहावा आणि पुन्हा त्याच्याकडे जाऊ नये. नाहीतर अख्खा स्वाध्याय ‘ज्ञानदेवांनी वाढवले, विनोबांनी आटोपशीर ठेवले’ या एका वाक्याभोवती फिरत राहतो.

खरी सुरुवात छप्पन्नाव्या श्लोकातल्या एका शब्दापासून होते. मुळात ‘वीतरागभयक्रोध’ असा समास आहे. तीन वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातल्या एका मुलीने तो फळ्यावर फोडला आणि मान वर करून विचारले, “सर, राग दोनदा कसा आला? आधी राग गेलेला आणि मग पुन्हा क्रोध गेलेला?” तिची चूक नव्हती. मराठीत राग म्हणजे क्रोधच. तिच्या घरी बोलल्या जाणाऱ्या अहिराणीतही ‘माले राग उना’ म्हणजे मला राग आला. संस्कृतातला राग मात्र रंगणे, चिकटणे, ओढ लागणे या अर्थाचा आहे. मराठीत ‘अनुराग’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. अनुवादात याला फसवा शब्द म्हणावे. दोन्ही भाषांत रूप तेच, अर्थ मात्र दुसरा. संस्कृतातून मराठीत येताना असे शब्द सर्वांत धोक्याचे असतात, कारण ते भाषांतर न करताही भाषांतर झाल्यासारखे दिसतात.

आता दोघांनी काय केले ते पाहा. ज्ञानदेव तिथे काम, क्रोध आणि भय असे तिघे सांगतात. विनोबा तृष्णा, भय आणि क्रोध असे सांगतात. म्हणजे साडेसहाशे वर्षांच्या अंतराने दोघांनीही ‘राग’ टाळला. विनोबांच्या बाबतीत चाचणी लगेच लावता येते. ‘तृष्णा’ची अक्षरे दोन, ‘राग’चीही दोन. त्या चरणात शब्द बदलून म्हणून पाहा, आठ अक्षरे आठच राहतात आणि चाल कुठे अडत नाही. मोडतो तो फक्त अर्थ. वृत्ताला दोन्ही शब्द चालत होते आणि त्यातला फसवा होता तो बाजूला ठेवला, असे इथे खात्रीने म्हणता येते. निवडीचे इतके स्वच्छ उदाहरण फार वेळा हाती लागत नाही.

बहुतेक वह्या इथे थांबतात. ज्या दोन-तीन पुढे गेल्या त्यांना चौसष्टाव्या श्लोकात धक्का बसला. तिथे मुळात पुन्हा राग आहे, द्वेषाच्या जोडीने, आणि विनोबांनी तो जसाच्या तसा ‘राग-द्वेष’ म्हणून ठेवला आहे. एका विद्यार्थ्याने त्याला विसंगती म्हटले आणि एक गुण कापावा असे सुचवले. विनोबांचा, स्वतःचा नव्हे. पण मराठी माणूस ‘रागद्वेष’ हा जोडशब्द ऐकतो तेव्हा त्याला ओढ आणि तिटकारा असेच ऐकू येते. द्वेष शेजारी असला की राग आपला संस्कृत अर्थ सांभाळून राहतो. भय आणि क्रोध शेजारी असले की तो क्रोधात विरघळतो. त्यामुळे शब्दाची संगत पाहिल्याशिवाय विसंगती म्हणू नये, अशी सूचना तेव्हापासून मी स्वाध्यायाच्या कागदावर छापून देतो.

त्याच समासात आणखी एक बारकी गोष्ट आहे आणि ती दोघांच्याही हातून निसटली आहे. ‘वीत’ म्हणजे गेलेला. त्याच श्लोकातल्या ‘विगतस्पृह’मधला ‘विगत’ही तोच. मूळ म्हणते की याच्याकडे ओढ होती आणि ती गेली. गीताईत त्या जागी ‘नसे’ आहे, तेही त्या श्लोकात तीनदा, आणि त्या तिहेरी ‘नसे’ने श्लोक पाठ व्हायला फार सोपा झाला आहे. पण ‘नसे’ म्हणजे नाही. होती आणि गेली हे त्यात येत नाही. ज्ञानदेव तर म्हणतात की त्याच्या ठायी हे ‘सहजे’ नाही. म्हणजे मुळातला माणूस कष्टाने इथवर पोचलेला आहे, ज्ञानदेवांचा जन्मतःच तसा असावा असे वाटते, आणि विनोबांचा कसा झाला हे सांगितलेलेच नाही. याला उणीव म्हणायचे की धोरण, यावर मी माझे मत देत नाही. मुलांनी ‘गेला’ हा शब्द घालून ओळ बसवून पाहावी आणि मग बोलावे. एकदा बसवायला घेतले की दुसऱ्याच्या ओळीबद्दल बोलताना जीभ जरा जपून चालते.

अठ्ठावन्नाव्या श्लोकातले कासव हे परीक्षेतले लाडके उदाहरण, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. मुलांची समजूत अशी की जुना अनुवादक देशी शब्द वापरणार आणि नवा संस्कृत. इथे उलटे आहे. तेराव्या शतकातले ज्ञानदेव ‘कूर्म’ म्हणतात आणि विसाव्या शतकातले विनोबा ‘कासव’. यावरून विनोबांना सोपा शब्द हवा होता असे लिहायचा मोह होतो. तो निष्कर्ष बरोबर असेलही, पण चाचणी तो सिद्ध करत नाही. ‘कूर्म’ची अक्षरे दोन, ‘कासव’ची तीन. अक्षर एक कमी पडले असते, ते भरून काढणे कठीण नव्हते, पण म्हणून वृत्ताचा हात नव्हताच असेही म्हणता येत नाही. ‘तृष्णा’च्या बाबतीत जितक्या ठामपणे बोलता आले तितके इथे बोलता येत नाही, आणि वहीत तसेच लिहावे.

कासवाचा खरा मुद्दा शब्दापेक्षा त्याच्या हालचालीत आहे. मुळातले कासव अवयव आत ओढून घेते, एवढेच करते. गीताईतलेही तेवढेच करते. ज्ञानदेवांचे कासव आधी अवयव पसरते, तेही खुशीत येऊन (त्यासाठी त्यांनी ‘उवाइला’ हा सुंदर शब्द घातला आहे), आणि मनात आले की आवरते. ही भर पेन्सिलीच्या खुणेबाहेरची आहे खरी, पण ती अर्थ फिरवते. नुसते आत ओढून घेणारे कासव घाबरलेलेही असू शकते. आमच्याकडे नदीकाठी पोरे कासवाला काडी लावतात तेव्हा ते आत जाते ते भीतीने. पसरणे आणि आवरणे दोन्ही मर्जीवर असेल तरच ती इंद्रियांवरची सत्ता. ज्ञानदेवांना दृष्टांतातली ही फट दिसली आणि त्यांनी ती बुजवली असे मला वाटते. विनोबांनी मुळाइतकेच सांगितले आणि फट मुळातल्यासारखीच ठेवली. इथे कोण ‘प्रामाणिक’? हा शब्द मी वर्गात बंद केला आहे.

आता या पुस्तिकेला ज्या जागेमुळे नाव मिळाले तिथे येतो. बासष्ट आणि त्रेसष्ट या दोन श्लोकांत घसरणीची साखळी आहे: विषयांचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मग स्मृती जाते, बुद्धी जाते आणि माणूस जातो. मुळात या पायऱ्या जोडणारी पहिली तीन क्रियापदे एकाच धातूची आहेत, उपजायते, संजायते, अभिजायते. जन्मणे एकच, उपसर्ग तेवढे बदलत गेले आहेत. मराठीत उपसर्गांचा हा खेळ करता येत नाही. म्हणून दोन्ही अनुवादकांना प्रत्येक पायरीला स्वतंत्र क्रियापद शोधावे लागले, आणि ती शोधताना दोघांनीही बोलीभाषेत हात घातला. विनोबांचा संग लागतो, जसा नाद लागतो. त्यांचा काम फुटतो, जसा कोंब फुटतो. मोह जडतो, जसे व्यसन जडते. स्मृती लोपते. आपण कोणत्या गोष्टी लागतात म्हणतो, कोणत्या जडतात म्हणतो, याचा हिशेब ज्याच्या कानात पक्का आहे त्यालाच ही क्रियापदे अशी वाटता येतात.

ज्ञानदेव इथेही आधी एक पायरी समजावून घेतात. काम येण्यापूर्वी ते ‘अभिलाष’ आणतात आणि पुढच्या ओवीत त्यालाच काम म्हणतात, म्हणजे शब्दाचा अर्थ शब्दाच्या आधी येतो. विनोबांना तेवढी जागा नाही. पंचावन्नाव्या श्लोकात त्यांनी ‘काम’चे ‘कामना’ केले होते, कारण मराठीत काम म्हणजे नांगरट, धुणे, कचेरी. बासष्टमध्ये मात्र त्यांनी काम तसाच ठेवला आहे. पुढे लगेच क्रोध येतो, आणि काम-क्रोध ही जोडी ऐकताना कोणाला कचेरी आठवत नाही. रागद्वेषाचीच युक्ती पुन्हा.

मग ती पायरी येते. मुळात ‘कामात्’ आहे, पंचमी: कामापासून क्रोध होतो. विनोबा ‘कामात’ म्हणतात (जुन्या छपाईत मा-वर अनुस्वार दिसेल), मराठी सप्तमी: क्रोध कामाच्या आत आहे. ऐकताना दोन्ही जवळजवळ सारखे. अर्थ मात्र कारणाकडून पोटात गेला. मूळ म्हणते एकातून दुसरे निघते. गीताई म्हणते दुसरे पहिल्यात आधीपासून आहे. त्याला जोडलेले क्रियापद आहे ‘ठेविला’. कोणीतरी डब्यात काही ठेवावे तसा क्रोध कामात ठेवलेला आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी वर्गात उत्साहाने सांगितले की ही जाणीवपूर्वक निवड आहे. पुरावा म्हणून त्याच श्लोकातला ‘संगातूनि’ आणि पुढच्या श्लोकातला ‘क्रोधातूनि’ दाखवला: मागेही ‘तून’, पुढेही ‘तून’, मध्येच फक्त ‘त’. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला वृत्ते येतात आणि बाकी फारसे काही आवडत नाही, तो म्हणाला की अनुष्टुभाच्या या चरणात पाचवे अक्षर लघू लागते. ‘कामातूनि’ त्या जागी घातले तर ‘तू’ पाचवा पडतो आणि तो गुरू आहे. म्हणजे ‘कामात’ करायला वृत्तानेच लावले. मी गप्प झालो. शब्द फिरवून बसवता आला असता की नाही यावर उरलेला तास गेला आणि एकमत झाले नाही. माझा पुरावा अर्धा झाला, आणि तो अर्धाच आहे असे इथे नोंदवतो.

पण उरलेला अर्धा क्रियापदात आहे. त्याच मुलाला मी विचारले, ‘ठेविला’च्या जागी ‘जन्मला’ बसतो का? त्याने बोटांवर मोजले. गुरू, लघू, गुरू, तंतोतंत बसतो. आणि ‘जन्मला’ हा तर मुळातल्या ‘अभिजायते’च्याच धातूचा, सर्वांत जवळचा, सर्वांत आधी सुचणारा शब्द. वृत्ताला चालणारा आणि मुळाशी जुळणारा शब्द हाताशी असताना विनोबांनी तो घेतला नाही. मग ‘ठेविला’ आला कुठून?

त्याचे उत्तर दुसऱ्या अनुवादात आहे. ज्ञानदेव याच जागी म्हणतात की काम उपजला तिथे क्रोध ‘आधीचि’ आलेला असतो. मुळातला क्रम त्यांनी उलटवला: क्रोध नंतर येत नाही, काम येतो तेव्हा तो आत बसलेलाच असतो. आणि त्याच ओवीच्या पुढच्या भागात, क्रोध आणि मोह यांच्याबद्दल बोलताना, त्यांचे क्रियापद आहे ‘ठेविला’. मोह क्रोधात ठेवलेला आहे. विनोबांनी ज्ञानदेवांचा अर्थ घेतला काम-क्रोधाच्या पायरीवरून आणि शब्द उचलला क्रोध-मोहाच्या पायरीवरून, आणि दोन्ही एका चरणात बसवले. गीताई संस्कृताचा अनुवाद आहे हे बरोबर; या चरणापुरती ती ज्ञानेश्वरीचाही अनुवाद आहे.

हे दिसले की तुलनेचा आराखडाच बदलतो. आम्ही वहीत मूळ मध्ये लिहून डावीकडे एक, उजवीकडे दुसरा अनुवाद असे त्रिकोण काढत होतो, जणू दोघेही स्वतंत्रपणे एकाच विहिरीवर पाणी भरायला आले. प्रत्यक्षात दुसरा पहिल्याच्या खांद्यावरून वाकून पाणी काढत होता. म्हणून दोन अनुवाद जिथे सारखे दिसतात त्या जागा आता मी ‘भाषेची सक्ती’ म्हणून सोडून देऊ देत नाही. छप्पन्नाव्या श्लोकात मुळात ‘अनुद्विग्नमना’ असे विशेषण आहे. दोघांनीही ते मोडून ‘उद्वेग’ हे नाम केले आणि नकार वेगळा काढला. मराठीला तसेच करणे सोपे जाते म्हणून, की एकाने केले म्हणून दुसऱ्याच्या कानात ते बसले म्हणून? वामनपंडितांपासूनचे इतर अनुवाद शेजारी ठेवल्याशिवाय हे ठरणार नाही. दोनच अनुवाद घेऊन केलेल्या तुलनेची ही हद्द आहे, आणि स्वाध्यायात ती लिहिली तर गुण कमी होत नाहीत, निदान माझ्याकडे तरी.

कामाच्या दोन सूचना. ज्ञानेश्वरीची ओवी देताना प्रत कोणती ते लिहाच. आपल्या घरात जी असते ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठावरून आलेली असते. राजवाडे प्रतीत शब्दांची रूपे आणि ओव्यांचे आकडे वेगळे आहेत. वर मी ‘आधीचि’ आणि ‘ठेविला’ हे प्रचलित पाठातून घेतले आहेत आणि रूपे थोडी आजच्या वळणाने लिहिली आहेत. ज्याचा मुद्दाच एका शब्दावर उभा आहे त्याने तो शब्द दुसऱ्या प्रतीत पाहिल्याशिवाय वही देऊ नये. दुसरे असे की विनोबांनी याच श्लोकांवर पुढे १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात स्वतंत्र व्याख्याने दिली, ती ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ नावाने छापली आहेत. धुळ्याची प्रवचने तर आहेतच. मुले ती वाचतात आणि त्यातला अर्थ मागे नेऊन गीताईच्या ओळीत घालतात. अनुवादकाने नंतर केलेले स्पष्टीकरण ही साक्ष आहे, पण ती त्याने अनुवाद करून झाल्यावर दिलेली साक्ष आहे. आधी ओळ काय म्हणते ते लिहा, मग तो काय म्हणतो ते लिहा, आणि दोन्हींत अंतर दिसले तर ते बुजवू नका.

पुढच्या पानांवर सात स्वाध्याय आहेत. भाषा मी सुधारली नाही, शुद्धलेखन तेवढे पाहिले. दोन ठिकाणी विद्यार्थी माझ्याशी असहमत आहेत आणि एका ठिकाणी त्यांचे बरोबर असावे असा मला संशय आहे. एक शब्द मात्र कोणालाच सुटलेला नाही, मलाही नाही. छप्पन्नाव्या श्लोकातल्या ‘मुनी’चे विनोबांनी ‘संयमी’ केले आहे. मुळात ‘संयमी’ हा शब्द पुढे एकोणसत्तराव्या श्लोकात येतो, तिथे त्यांनी तो तसाच ठेवला आहे, पण त्याच श्लोकातल्या ‘मुनी’ला ज्ञानी योगी म्हटले आहे. तेरा श्लोक आधीच मुनीला संयमी का केले? अक्षरे मोजून झाली, संगत पाहून झाली. ज्ञानदेवांकडे पाहावे तर छप्पन्नाव्या श्लोकात त्यांनी मुनीला घेतलेच नाही, ते थेट ‘स्थिरबुद्धी’वर जातात. पुढच्या वर्षीच्या वर्गाला हाच प्रश्न देणार आहे.

देवपूर, धुळे